गूगलवरच्या एक-स्टार रिव्ह्यूला दवाखान्याने काय उत्तर द्यावं? (सोलापूर)

खुर्चीमागचा
बायको दातांची डॉक्टर आहे. सोलापुरात दोन खुर्च्यांचा छोटा दवाखाना आहे. हिशोब, वीजबिल, लॅबवाल्याचा तगादा आणि गूगलचं पान हे सगळं माझ्याकडे असतं. गेल्या आठवड्यात एक स्टारवाला रिव्ह्यू आला. तपशील मुद्दाम बदलून देतोय, कोणाला शोधता येऊ नये म्हणून:

"रूट कॅनालचे पूर्ण पैसे घेतले. पाच महिन्यांत दाढ तुटली. आता काढावी लागेल म्हणतात. पैसे परत मागितले तर डॉक्टर बोलायला तयार नाहीत. फसवणूक आहे, जाऊ नका."

लिहिणाऱ्याचं नाव पुरुषाचं आहे. आमच्या फाइलींत या नावाचं कोणी नाही. आडनाव आणि तारीख जुळवल्यावर कळलं, पेशंट त्याची आई आहे. फाइलमध्ये स्वच्छ लिहिलंय की कॅप बसवायला सांगितलं होतं, दोनदा फोन केला होता, त्या आल्या नाहीत. मी रागाच्या भरात हे उत्तर लिहून ठेवलंय, अजून टाकलेलं नाही:

"आपल्या आईंची ट्रीटमेंट पूर्ण यशस्वी झाली होती. कॅप बसवणे आवश्यक असल्याचे सांगितले होते. आम्ही दोनदा फोन केला, पण पैशाची अडचण सांगून त्या आल्या नाहीत. कॅप नसलेल्या दाढेने कडक भाकरी खाल्ल्यास दाढ तुटणारच. कृपया खोटे आरोप करू नयेत."

यातलं अक्षरन् अक्षर खरं आहे. टाकू का? बायको नको म्हणते, पण नक्की का ते तिलाही सांगता येत नाही.

शेंगाचटणी
आवो टाका की बिनधास्त. कडक भाकरीचा मुद्दा तर लई भारी हाय. बाकी माझी अक्कलदाढ चार दिवस ठणकतीय, सात रस्त्याच्या आसपास कोण चांगला डॉक्टर हाय का? तुमचाच दवाखाना कुठं म्हणालात?

केसपेपर
टाकू नका. मी हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात बरीच वर्षं काढली आहेत, त्यामुळे असे मसुदे पुष्कळ पाहिलेत. तुमचं उत्तर खरं आहे, हीच त्यातली अडचण आहे. खोटं असतं तर एकवेळ नुसतं भांडण झालं असतं. खरं आहे म्हणजे ते फाइलमधून उचललेलं आहे.

वाक्यावाक्याने बघा. "आपल्या आईंची." रिव्ह्यूमध्ये आईचा उल्लेखच नाही. ती बाई तुमची पेशंट आहे हे तुम्ही पहिल्यांदा जगाला सांगताय, तेही मुलाच्या नावाखाली, म्हणजे गल्लीतल्या कोणालाही ती कोण हे कळणार. "कॅप", "दोनदा फोन", हा तिच्या उपचारांचा तपशील. "पैशाची अडचण" हे सगळ्यात वाईट. हे ती बाई काउंटरवर आवाज खाली करून बोलली असेल. शेवटी "खोटे आरोप" म्हणजे मुलाला दुसरा रिव्ह्यू लिहायचं आमंत्रण.

आणखी एक विचारतो. त्या बाईंनी कॅपचं घरी सांगितलं होतं हे तुम्हाला माहीत आहे का? खर्च वाढायला नको म्हणून आया घरी असलं बरंच काही सांगत नाहीत. मुलाच्या लेखी रूट कॅनाल झालं, काम संपलं. तसं असेल तर तुमच्या उत्तरातून त्याला ही गोष्ट भर गूगलवर कळेल, आणि त्याच्याबरोबर त्याच्या सासुरवाडीलाही.

अॅड_होणार
केसपेपर यांचं भावनिकदृष्ट्या बरोबर आहे, पण कायद्याने बघा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात, माणसाने स्वतःहून जाहीर केलेल्या माहितीला संरक्षण नाही. रिव्ह्यूमध्ये रूट कॅनाल झालं, दाढ तुटली हे त्यांनीच लिहिलंय. म्हणजे विषय सार्वजनिक झाला. शिवाय त्या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि त्यातली बहुतेक बंधनं त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होणार आहेत. मग आत्ता घाबरायचं कशाला? उत्तर द्यायचा त्यांना अधिकार आहे.

केसपेपर
सूट आहे हे खरं, पण कोणाला आणि कशाला ते बघा. ज्याची माहिती आहे त्याने ती स्वतः जाहीर केलेली असली पाहिजे. इथे दात आईचा आहे आणि लिहिलंय मुलाने. समजा आईनेच लिहिलं असतं, तरी तिने रूट कॅनाल आणि तुटलेली दाढ एवढंच जाहीर केलं. कॅप, फोन, पैशाची अडचण या तीन गोष्टी तिने कुठेही लिहिलेल्या नाहीत. त्या फक्त तुमच्या कपाटात आहेत.

आणि हा कायदा उद्या आला काय किंवा परवा, दंतवैद्याने पेशंटचं गुपित राखायचं बंधन त्याच्याही आधीचं आहे. दंत परिषदेच्या २०१४ च्या आचारसंहितेत ते आहेच. तिथे तक्रार डॉक्टरांच्या नोंदणीवर जाते, गूगलचं पान सांभाळणाऱ्या नवऱ्यावर नाही. उत्तर तुम्ही लिहिणार आणि खुलासा वहिनी देणार, असं होईल.

अॅड_होणार
आई आणि मुलाचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. पण मग दवाखान्याने बदनामी ऐकून गप्प बसायचं का?

मृण्मयी_फिजिओ
अगदी माझाच अनुभव! माझ्याकडे विजापूर रोडच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका खांद्यासाठी येत होत्या, गेल्या जूनमध्ये त्यांनी

[मजकूर संपादित केला आहे. — व्यवस्थापक]

केसपेपर
व्यवस्थापकांचे आभार. मृण्मयी, राग मानू नका, पण शाळा, रस्ता, हुद्दा आणि महिना एवढं पुरतं. नाव न घेणं म्हणजे ओळख लपवणं, असं मुंबईत कदाचित चालून जाईल. सोलापुरात दोन फोनमध्ये माणूस सापडतो.

मृण्मयी_फिजिओ
पटलं. मुद्दा एवढाच होता की मी उत्तरात "आमच्या रेकॉर्डमध्ये या नावाचा पेशंट नाही" असं लिहिलं होतं आणि ते खरंच होतं, रिव्ह्यू भलत्याच माणसाचा होता. त्याचा फायदा झाला. खुर्चीमागचा, तुमच्याही फाइलींत मुलाचं नाव नाही, मग तुम्हीही तसंच लिहा की! खोटं तर होणार नाही.

केसपेपर
हे वाक्य खूप दवाखाने वापरतात आणि ते दिसतं तेवढं साधं नाही. आज एका रिव्ह्यूखाली "हा आमचा पेशंट नाही" लिहिलंत आणि उद्या दुसऱ्याखाली ते लिहिलं नाहीत, तर दुसरा पेशंट होता हे आपोआप सांगितल्यासारखं झालं. म्हणून "आहे" असं म्हणायचं नाही आणि "नाही" असंही म्हणायचं नाही. खुर्चीमागचा यांच्या बाबतीत तर ते वाक्य शब्दशः खरं आणि प्रत्यक्षात फसवं होईल. मुलगा पुढच्या दहा मिनिटांत आईची पावती फोटो काढून चिकटवेल.

खुर्चीमागचा
मग लिहायचं तरी काय? "आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत, पुन्हा दाखवायला या" एवढं?

केसपेपर
"पुन्हा" या शब्दाने आधी आला होतात हे सांगितलंत. मी असं काहीतरी लिहीन:

"आपला अभिप्राय वाचला. कोणावर उपचार झाले किंवा झाले नाहीत याबद्दल आम्ही इथे काहीच बोलत नाही, हा आमचा सगळ्यांसाठीचा नियम आहे. दवाखान्याबद्दल कोणाचीही तक्रार असेल तर डॉक्टर स्वतः वेळ काढून बोलतात. त्यासाठी दवाखान्याच्या नंबरवर दुपारी १ ते २ या वेळेत फोन करावा."

बस. खाली डॉक्टरांचं नाव टाका, "टीम" वगैरे नको. टाकायच्या आधी एक रात्र जाऊ द्या. उत्तर नंतर बदलता येतं, काढताही येतं, पण ते टाकलं की लिहिणाऱ्याला सूचना जाते आणि तो लगेच स्क्रीनशॉट काढून ठेवू शकतो. प्रकरण ग्राहक आयोगात गेलं तर तो स्क्रीनशॉट तिथेही पोचतो.

पिंपळपान
मी स्वतः डेंटिस्ट आहे, बार्शीकडे. केसपेपर यांचं उत्तर सुरक्षित आहे, पण पुचाट आहे. वाचणाऱ्याला वाटतं, हे टाळतायत. मी अशा रिव्ह्यूखाली कोणाचाही उल्लेख न करता सर्वसाधारण माहिती देतो: "रूट कॅनालनंतर मागच्या दाढा चावण्याच्या दाबाने तडकू शकतात, म्हणून सांगितलेल्या मुदतीत कॅप बसवणं गरजेचं असतं." यात कुठे आली गोपनीयता? हे तर पुस्तकात आहे. किती वर्षं लिहितोय, कोणी काही म्हटलेलं नाही.

केसपेपर
पुस्तकात आहे, मान्य. पण तुम्ही ते त्या रिव्ह्यूखाली लिहिता, दुसऱ्या रिव्ह्यूखाली नाही. वाचणारा लगेच जोडतो: म्हणजे या बाईने कॅप बसवली नव्हती तर. ते वाक्य तिथे माहिती म्हणून राहत नाही, तिच्याकडे बोट दाखवतं.

तीच माहिती दवाखान्याच्या भिंतीवर लावा, मराठी, कन्नड आणि तेलुगूत. गूगलच्या पानावर स्वतंत्र पोस्ट म्हणून टाका, पण भांडण पेटलेलं असताना नको. आणि मुख्य म्हणजे रूट कॅनालच्या शेवटच्या दिवशी केसपेपरवर "कॅप सांगितली, अमुक तारखेपर्यंत, न बसवल्यास दाढ तुटू शकते हे समजावलं" असं लिहून खाली पेशंटची सही घ्या. तुमचं खरं उत्तर तेच. ते आयोगासमोर चालतं, दंत परिषदेपुढेही चालतं.

पिंपळपान
सही मी घेतोच. पण शंभर लोक गूगल वाचतात, आयोगात एखादाच जातो. त्या शंभरांचं काय? मला अजून पटलेलं नाही.

केसपेपर
पटू नये असंही काही नाही. आपल्याकडे रिव्ह्यूच्या उत्तरावरून दंतवैद्याला दंड झाल्याचं माझ्या पाहण्यात नाही. अमेरिकेत मात्र झालेत. २०१९ मध्ये डॅलसच्या एका दंत दवाखान्याला १०,००० डॉलर भरावे लागले. रिव्ह्यूच्या उत्तरात पेशंटचं आडनाव, उपचार आणि खर्चाचा तपशील टाकला होता. त्यांचा कायदा वेगळा आहे, पण मोह तोच: मी खरं सांगतोय ना, मग काय बिघडलं.

पूर्वभाग
पंधरा मिनिटं हा धागा वाचतोय, एक गोष्ट कोणी बोललं नाही. चांगल्या रिव्ह्यूंचं काय? आमच्या ओळखीच्या एका दवाखान्याच्या पानावर "धन्यवाद काकू, नव्या कवळीने आता चिक्कीसुद्धा खा!" असं उत्तर आहे. काकूंनी फक्त "छान डॉक्टर" लिहिलं होतं. कवळी आहे हे त्यांनी मैत्रिणींनाही सांगितलं नव्हतं. फार चिडल्या होत्या.

खुर्चीमागचा
बाप रे. मी आत्ता आमच्या पानावर जाऊन आलो. अशी अकरा उत्तरं माझीच आहेत. "दादा, इम्प्लांट कसं आहे?" वगैरे.

केसपेपर
पूर्वभाग, हा माझ्याकडून सुटलेला मुद्दा आहे, आणि महत्त्वाचा. प्रेमाने केलेला भंगसुद्धा भंगच. खुर्चीमागचा, ती उत्तरं बदलून सगळीकडे "अभिप्रायाबद्दल आभार" एवढंच ठेवा. त्याचा फायदा वाईट रिव्ह्यूच्या वेळी होतो. चांगल्याला मोकळं आणि वाईटाला नियम असं दिसलं तर नियमाचं निमित्त वाटतं. सगळीकडे एकच सूर असला तर कोणी बोट ठेवू शकत नाही.

ब्रँडबाबा
मी डिजिटल मार्केटिंग करतो. एवढी डोकेफोड कशाला? सिस्टिम लावा. उपचार झाले की पेशंटला व्हॉट्सअॅपवर स्माइली पाठवा. हसरा चेहरा दाबला की गूगलची लिंक जाते, रडका दाबला की तुमच्याकडे खासगी फॉर्म येतो. वाईट रिव्ह्यू गूगलवर पोचतच नाही. आणि हा जो आलाय, त्या माणसाला रूट कॅनालचे पैसे परत द्या, रिव्ह्यू काढायच्या अटीवर. दोन दिवसांत विषय संपला.

पूर्वभाग
खासगी फॉर्म चांगलाच आहे, पण तो सगळ्यांना द्या आणि गूगलची लिंकही सगळ्यांना द्या. निवडून फक्त खूश माणसांना लिंक पाठवणं गूगलच्या नियमात बसत नाही. पैसे देऊन वाईट रिव्ह्यू काढून घेणंही बसत नाही. आणि कृपा करून पेशंटांचा व्हॉट्सअॅप ग्रुप काढू नका. आमच्या इथल्या एका क्लिनिकने "फीडबॅक" नावाचा ग्रुप काढला, आणि कोण कोण तिथे जातं ते सगळ्यांच्या नंबरसकट सगळ्यांना कळलं. शेजारीण शेजारणीला विचारत होती, तुला काय झालंय म्हणून.

ब्रँडबाबा
सगळे करतात हो.

खुर्चीमागचा
हा रिव्ह्यू गूगलकडे तक्रार करून काढता येईल का? "फसवणूक" हा शब्द आहे त्यात.

पूर्वभाग
रिपोर्ट करता येतो, पण आशा ठेवू नका. शिवीगाळ, धमकी, कोणाचा फोन नंबर, भलत्याच धंद्याबद्दलचा मजकूर किंवा प्रतिस्पर्ध्याने लिहिलेलं असलं काही असेल तर काढतात. नाही म्हणाले तर एकदा अपील करता येतं. पण "दाढ कोणामुळे तुटली" या वादात गूगल न्यायाधीश होत नाही. आणि रिपोर्ट करताना पुरावा म्हणून आईंच्या फाइलचा फोटो जोडायचा मोह होईल, तोही टाळा.

केसपेपर
आता खरं काम. गूगलचं उत्तर हा दहा टक्के भाग आहे, बाकीचं फोनवर. फाइलवर कोणाचा नंबर आहे?

खुर्चीमागचा
बहुतेक मुलाचाच. आईंकडे फोन नाही.

केसपेपर
तेच वाटलं होतं. फोन वहिनींनी करायचा, तुम्ही नाही आणि काउंटरवरच्या मुलीनेही नाही. फोन मुलाने उचलला तर "दवाखान्यातून बोलतेय, आईंशी बोलायचं होतं" एवढंच. रिव्ह्यूचा विषय काढायचा नाही. तो स्वतः काढेल, चिडून काढेल. तेव्हा त्याचं पूर्ण ऐकून घ्यायचं आणि म्हणायचं, "तुमचं म्हणणं मी लिहून घेतलंय. उपचारांबद्दल मी आईंशी बोलणार, त्या म्हणाल्या तर तुमच्यासमोरच." दवाखान्यात आल्यावर आधी दोन मिनिटं आईंशी एकट्याने बोलायचं आणि विचारायचं: मुलासमोर सगळं सांगू का? हो म्हणाल्या तर तसं केसपेपरवर तारखेसह लिहून सही, नाहीतर अंगठा. नाही म्हणाल्या तर मुलाला फक्त दाढेची आजची अवस्था आणि पुढचे पर्याय, तेही आईंना चालत असेल तेवढंच. मागचा इतिहास नाही.

मुलगा ओरडेल, "मी पैसे भरलेत, मला कळलंच पाहिजे." पैसे भरले म्हणून आईची फाइल त्याची होत नाही. आईंनी स्वतः फाइलची प्रत मागितली तर मात्र टाळाटाळ न करता द्या.

आणि एक तुमच्यासाठी. आडनाव आणि तारीख जुळवून फाइल तुम्ही काढलीत ना? ते काम पुढच्या वेळी वहिनींना करू द्या.

खुर्चीमागचा
हे लागलं, पण बरोबर आहे.

शेंगाचटणी
अक्कलदाढेचं कोणी सांगंना की ओ.

पिंपळपान
शेंगाचटणी, तोंड उघडायला त्रास होत असेल, गालाला सूज किंवा ताप असेल तर धाग्यावर विचारत बसू नका, आजच जवळच्या डेंटिस्टला दाखवा. आणि दुखतंय म्हणून दाढेवर तंबाखू दाबून ठेवू नका, आमच्याकडे निम्मे तेच करून येतात.

खुर्चीमागचा
दहा दिवसांनी लिहितोय. केसपेपर यांचं उत्तर टाकलं, फक्त "नियम" या शब्दाऐवजी "पद्धत" केलं, बायकोला नियम हा शब्द कडक वाटत होता. बायकोने फोन केला. आई आणि मुलगा दोघं आले. काय बोलणं झालं ते इथे लिहीत नाही. एवढंच सांगतो, माझं पहिलं उत्तर टाकलं नाही हे फार बरं झालं.

रिव्ह्यू अजून तिथेच आहे. आम्ही काढायला सांगितलं नाही. चांगल्या रिव्ह्यूखालची अकरा उत्तरंही बदलली.

अडलंय ते पैशांवर. बायको म्हणते, रूट कॅनालचे पैसे परत करू, अट न घालता, माणुसकी म्हणून. मला वाटतं, परत केले म्हणजे चूक कबूल केल्यासारखं दिसेल.

अॅड_होणार
परत करायचेच असतील तर "सद्भावना म्हणून, कोणतीही जबाबदारी न स्वीकारता" असं लेखी घ्या आणि दोघांच्या सह्या घ्या. त्यात रिव्ह्यूचा उल्लेख नको.

पिंपळपान
मी पैसे देणार नाही. काम बरोबर झालं होतं. फार तर पुढच्या कामात सवलत देईन. आज यांना दिले तर उद्या कॅप न बसवणारा प्रत्येक जण येईल.

केसपेपर
हा गोपनीयतेचा प्रश्न नाही, त्यामुळे माझं मत इतरांइतकंच. वहिनींनी ठरवावं, खुर्ची त्यांची आहे. फक्त जे ठरेल ते आईंच्या हातात द्या, मुलाच्या खात्यावर नाही.

खुर्चीमागचा
भरले मुलानेच होते, ऑनलाइन.

केसपेपर
मग आईंना विचारून, त्या सांगतील तिथे.